पान पाहिलं म्हणजे पेढा विकला नव्हे

जाहिरात एजन्सीच्या मासिक अहवालात कन्व्हर्जनचा आकडा होता नऊ हजार. त्याच महिन्यात आमच्या पॅकिंगच्या टेबलावरून बाहेर पडलेली ऑनलाइन पार्सलं होती चोवीस. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, प्रमाण खरं आहे.) या दोन आकड्यांमध्ये काय दडलंय ते उलगडल्यावर एजन्सीला एक पत्र लिहावं लागलं. ते पत्र इथे देतो आहे, कारण जिल्ह्यातले बरेच छोटे विक्रेते आता अशाच जाहिराती चालवतात आणि असाच अहवाल वाचून खूश होतात.

भूम तालुक्यातल्या एका घरगुती पेढ्याच्या धंद्याचं मार्केटिंग मी पाहतो. खवा लवकर खराब होतो, त्यामुळे तो भट्टीवरून थेट बाजारात जातो. चांगला भाजलेला पेढा मात्र कुरियरचे दोन-तीन दिवस सहन करतो. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर बाहेरगावची विचारणा वाढली, म्हणून मालकांनी वेबसाइट काढली आणि गुगलच्या जाहिराती एका एजन्सीकडे सोपवल्या. महिन्याचं बजेट तीस हजार, एका क्लिकला सरासरी चार रुपये, म्हणजे साडेसात हजार क्लिक.

आता नऊ हजारांचा उगम पाहू. एजन्सीने मुख्य कन्व्हर्जन म्हणून पेज व्ह्यू लावला होता. साइटवरचं कुठलंही पान उघडलं की एक कन्व्हर्जन धरलं जाई. जाहिरातीवर क्लिक केलं की एक तरी पान उघडतंच, आणि काहीजण दोन-तीन पानं पाहतात. म्हणून साडेसात हजार क्लिकांची नऊ हजार कन्व्हर्जन झाली. तुमच्याही अहवालात हा दोष पटकन ओळखता येतो. कन्व्हर्जन रेट शंभर टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल, आणि एका कन्व्हर्जनचा खर्च जवळजवळ एका क्लिकच्या खर्चाएवढाच असेल, तर मोजली जाते आहे ती फक्त ये-जा.

नुसता अहवाल फुगला असता तर एक वेळ चाललं असतं. पण आजच्या जाहिराती स्वयंचलित बोलीवर चालतात. Maximize conversions निवडलं की कोणत्या शोधावर, कोणत्या माणसाला, किती बोली लावून जाहिरात दाखवायची हे गुगलची यंत्रणा ठरवते. तिचं उद्दिष्ट म्हणजे आपण सांगितलेलं कन्व्हर्जन. पान उघडणारा माणूस हवा असं सांगितलं, तर ती इमानदारीने पान उघडणारी माणसं स्वस्तात शोधून आणते. विकत घेणारी माणसं तिने आणावीत, असं तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या बाबतीत ही माणसं कोण होती, ते Search terms चा अहवाल उघडल्यावर कळलं. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण मुनींचं हे निर्वाणस्थान मानलं जातं, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथेच सल्लेखना घेतली. देशभरातून यात्रेकरू येतात आणि निघण्याआधी मोबाइलवर शोधतात. आमच्या पैशांवर आलेले शोध होते ‘कुंथलगिरी धर्मशाळा’, ‘कुंथलगिरी दर्शन वेळ’, ‘सोलापूर ते कुंथलगिरी अंतर’. या शोधांवर पेढ्याच्या जाहिराती लावायला फारसं कुणी नसतं, त्यामुळे क्लिक स्वस्त. माणूस यायचा, खोलीचं भाडं शोधायचा, पेढ्याचं चित्र पाहून परत जायचा. यंत्रणेच्या लेखी तो यशस्वी ग्राहक. दुसऱ्या दिवशी तसेच आणखी यायचे.

मग एजन्सीला एका ओळीत ‘पेज व्ह्यू काढा, खरेदी लावा’ एवढंच का कळवलं नाही? तुळजापूरचे एक ओळखीचे व्यापारी तसं करून बसले होते. एजन्सीने शब्दशः तेच केलं. खरेदीची नोंद साइटवर नीट बसवलेलीच नव्हती, त्यामुळे यंत्रणेला कन्व्हर्जन दिसेनात आणि तिने जाहिरात दाखवणंच जवळजवळ थांबवलं. तेव्हा आम्ही पत्र सविस्तर लिहिलं. मजकूर असा:

सप्रेम नमस्कार.

आपल्या खात्यातलं मुख्य कन्व्हर्जन पेज व्ह्यूऐवजी खरेदी करावं, ही विनंती. ते पुढील क्रमाने व्हावं.

१. आधी साइटवर purchase ची नोंद बसवून तपासावी. प्रत्येक नोंदीत ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि चलन हवं. ऑनलाइन पैसे भरून एक आणि कॅश ऑन डिलिव्हरीने एक, अशा दोन खऱ्या ऑर्डर आम्ही करू. दोन्ही खात्यात दिसल्यावरच पुढे जावं.

२. त्यानंतर Goals मध्ये purchase ला Primary आणि पेज व्ह्यूला Secondary करावं. पेज व्ह्यू पुसून टाकू नये, जुना हिशेब पाहायला तो लागेल. purchase ची मोजणी Every ठेवावी.

३. गुगल अ‍ॅनालिटिक्समधून आलेली खरेदी आणि जाहिरात खात्याच्या टॅगने नोंदलेली खरेदी या दोन्ही Primary ठेवू नयेत. एकच ठेवावी.

४. एखाद्या कॅम्पेनला वेगळं custom goal लावलं असेल आणि त्यात पेज व्ह्यू असेल, तर तिथूनही तो काढावा.

५. धर्मशाळा, दर्शन, अंतर, बस हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकावेत.

६. बदल केल्याची तारीख कळवावी. त्यानंतर पहिले तीन आठवडे बजेट, जाहिरातीचा मजकूर आणि बोलीची पद्धत बदलू नये. प्रति-ऑर्डर खर्चाची मर्यादा इतक्यात घालू नये.

कळावे.

यातल्या तीन मुद्द्यांमागची कारणं सांगायला हवीत. पहिला ऑर्डर क्रमांकाचा. ‘धन्यवाद’चं पान उघडलं की खरेदीची नोंद जाते. ग्राहकाने ते पान दुसऱ्यांदा उघडलं, तर एकच ऑर्डर दोनदा मोजली जाऊ शकते. ऑर्डर क्रमांक सोबत गेला की यंत्रणा दुसरी नोंद वगळते. एजन्सीच्या मुलाकडून साइटवरची नोंद मागवून घ्या. ती साधारण अशी दिसते:

```
gtag('event', 'purchase', {
  transaction_id: 'KP-1042',
  value: 600,
  currency: 'INR',
  items: [{ item_id: 'PEDHA-500',
    item_name: 'पेढा', price: 300, quantity: 2 }]
});
```

यात value समोर प्रत्येक ऑर्डरला तोच आकडा येत असेल, तर कुणीतरी तो हाताने टाकून ठेवलाय. दोन किलोची ऑर्डर आणि पाव किलोची ऑर्डर यंत्रणेला मग सारखीच दिसते.

दुसरा मुद्दा दोन खऱ्या ऑर्डरींचा. आपल्याकडे बहुतेक ऑनलाइन पैसे यूपीआयने येतात. ग्राहक आपल्या साइटवरून फोनपे किंवा तत्सम अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे गेल्याची खूण दिसते आणि तो तिथूनच फोन बंद करतो. साइटवर परत येतच नाही, ‘धन्यवाद’चं पान उघडत नाही आणि खरेदी झालेली असूनही नोंदली जात नाही. म्हणून चाचणीची ऑर्डर मुद्दाम अशीच करावी: पैसे भरायचे आणि साइटवर परतायचं नाही. नोंद आली नाही, तर पेमेंट गेटवेकडून पैसे जमा झाल्याचा जो संदेश थेट सर्व्हरला येतो, त्यावरून खरेदी नोंदवायला सांगावं. हे काम वेबसाइटवाल्याचं असतं, एजन्सीचं नव्हे, त्यामुळे दोघांना एकाच वेळी फोनवर घेतलेलं बरं.

तिसरा मुद्दा थांबण्याचा. बदलानंतर अहवालातला आकडा नऊ हजारांवरून दोन आकडी होतो. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘जाहिरात बंद पडली की काय?’ म्हणून जुनी सेटिंग परत लावली जाते. क्लिकही कमी होतात आणि महाग होतात, कारण आता यंत्रणा स्वस्त यात्रेकरू सोडून पेढे शोधणाऱ्यांसाठी बोली लावते. शिवाय खरेदी क्लिकच्या दिवशीच होते असं नाही. आज क्लिक करणारा चार दिवसांनी घरच्यांना विचारून ऑर्डर देतो, आणि गुगल ती ऑर्डर क्लिकच्या तारखेवर मांडतं. म्हणून शेवटच्या आठवड्याचे आकडे नेहमी कमी दिसतात. ते पाहून निर्णय घेऊ नये.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. शिकायला यंत्रणेला पुरेशा खरेद्या लागतात. मेटाच्या जाहिरातींमध्ये, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर, शिकण्याचा टप्पा संपायला एका अ‍ॅड सेटला आठवड्यात सुमारे ५० कन्व्हर्जन लागतात. महिन्याला चोवीस ऑर्डर असलेल्या धंद्याला ते झेपत नाही. अशा वेळी मधली पायरी घ्यावी: खरेदीऐवजी काही काळ begin_checkout, म्हणजे पैसे भरायच्या पानापर्यंत पोचलेला माणूस, हे मुख्य कन्व्हर्जन ठेवावं. धर्मशाळा शोधणारा तिथवर येत नाही, एवढा तरी फरक पडतो. ऑर्डरी वाढल्या की खरेदीवर यावं. पण दोन्ही एकाच वेळी Primary ठेवू नयेत, कारण मग एकच ग्राहक दोनदा मोजला जातो.

खरेदीची नोंद झाली म्हणजे पैसे हातात आले, असंही नाही. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर नोंदवली त्याच क्षणी ती खरेदी ठरते, पार्सल परत आलं तरी. कपडा परत आला तर पुन्हा विकता येतो, पेढा टाकूनच द्यावा लागतो. म्हणून परत आलेल्या ऑर्डरींचे क्रमांक एजन्सीला दर आठवड्याला पाठवावेत आणि त्या नोंदी मागे घ्यायला सांगाव्यात. ऑर्डर क्रमांक सुरुवातीपासून जात असेल तरच हे जमतं. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर आलेल्या ऑर्डरी यात कुठेच दिसत नाहीत, त्यांची वही वेगळी ठेवावी.

हे सगळं जागेवर बसलं की पहिल्यांदाच खरा भागाकार करता येतो. जुन्या महिन्यात तीस हजार भागिले चोवीस, म्हणजे एका ऑर्डरमागे साडेबाराशे रुपये जाहिरातीचे. सरासरी ऑर्डर सहाशेची. दूध, इंधन, मजुरी, डबा आणि कुरियर वजा जाता हातात समजा १८० रुपये राहतात. तेव्हा एका ऑर्डरमागे जाहिरातीवर १८० पेक्षा जास्त खर्च परवडत नाही. तोच ग्राहक वर्षात आणखी दोनदा ऑर्डर देतो हे आपल्या वहीतून दिसत असेल, तर ही मर्यादा वाढवता येईल, पण वहीत दिसत असेल तरच. बदलानंतरही खर्च या मर्यादेत येत नसेल, तर दोष सेटिंगचा नाही. मग अनोळखी ग्राहकाला लहान ऑर्डर विकण्यासाठी जाहिरात परवडत नाही एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी किमान एक किलोची ऑर्डर ठेवावी किंवा जाहिरात दिवाळी, राखीपौर्णिमा अशा सणांपुरतीच चालवावी. पेज व्ह्यूच्या अहवालातून हा निर्णय कधीच घेता आला नसता.