दम्याचा पंप आणि छातीचा स्प्रे: पिशवीतून नेमका कोणता काढायचा?

यशवंतसागरवर जाळी काढताना आपल्या एका नावेवर काकांना अचानक दम लागला. पिशवीत तीन वस्तू निघाल्या, दोन पंप आणि एक छोटा स्प्रे. पोराने हाताला लागला तो पंप दोनदा दिला, पण काही फरक नाही. तो रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा होता. दुसरा दिल्यावर थोड्या वेळात काका बोलायला लागले. चूक पोराची नाही, कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

दोन्ही पंप दिसायला सारखेच असतात: वाकड्या प्लास्टिकच्या नळीत उलटी बसवलेली धातूची डबी. निळा म्हणजे तातडीचा असं सगळे म्हणतात, बऱ्याचदा खरंही असतं, पण कंपनी बदलली की रंग बदलतो. म्हणून लेबल वाचा. तातडीच्या पंपावर सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल लिहिलेलं असतं. इंग्रजी वाचायला जमत नसेल तर एस-ए-एल-बी ही चार अक्षरं शोधा. नुसतं ब्युडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन असेल, तर तो सूज कमी करणारा रोजचा पंप, दम लागल्यावर लगेच काम करत नाही. ब्युडेसोनाइडबरोबर फॉर्मोटेरॉल असलेला पंप काहींना डॉक्टर तातडीसाठीही सांगतात, तेव्हा घरच्याने आधीच विचारून ठेवावं.

तिसरी वस्तू छातीच्या दुखण्याची. ही सरळ उभी छोटी बाटली, वर दाबायचं बटण, तोंडात धरायची नळी नाही. लेबलवर नायट्रोग्लिसरीन किंवा ग्लिसेरिल ट्रायनायट्रेट लिहिलेलं असतं, दोन्ही एकच औषध. हा पंपासारखा ओढायचा नाही. माणसाला आधी खाली बसवायचं, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते, आणि नावेत उभा माणूस पाण्यात जाईल. जीभ वर करायला सांगून जिभेखाली एक फवारा मारायचा, श्वास आत ओढायचा नाही, तोंड मिटायचं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही किंवा वाढलं, तर १०८ ला फोन करा आणि नाव काठाला घ्या. ज्याला डॉक्टरने लिहून दिलाय त्यालाच द्यायचा. सिल्डेनाफिलसारखी पुरुषत्वाची गोळी घेतली असेल तर अजिबात नाही, रक्तदाब धोकादायक पडतो. लाजेपोटी लोक सांगत नाहीत, म्हणून बाजूला घेऊन विचारा.

आज घरी काकांची पिशवी उघडून बघा. तातडीच्या पंपावर पांढरी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात 'दम' लिहा, स्प्रेवर 'छाती'. पट्टी छापलेल्या तारखेवर येऊ देऊ नका. आणि दोन्ही नावेच्या चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. दाबाची डबी तापली की फुटते.