आईच्या गालावरची त्वचा परत आणताना

अगं राणी, काल रात्री तू आईच्या एकसष्टीचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘ताई, ही आई वाटतच नाही गं.’ मी बराच वेळ तो मोठा करून बघत बसले. पैठणीच्या काठावरचा एकेक मोर स्पष्ट, गजऱ्याची फुलं मोजता येतील अशी, आणि मधोमध आईचा चेहरा मेणाचा. मानेवरच्या सुरकुत्या जशाच्या तशा, हाताच्या शिरासुद्धा दिसतायत. ब्यूटी मोड चेहरा तेवढा ओळखतो आणि तेवढाच घासतो, म्हणून गळ्याच्या वर एक बाई आणि खाली दुसरी असं झालंय. खटकतंय ते हेच.

बारा वर्षं लग्नाचे अल्बम करतेय, म्हणून आधी एक खरं सांगते. त्वचेवरची छिद्रं, बारीक लव, डोळ्यांच्या कडेच्या रेघा फोनने झाकलेल्या नाहीत, पुसल्या आहेत. भुवया, पापण्या, ओठ यांच्या कडा त्याने राखल्या आणि मधलं सगळं एकसारखं केलं. म्हणून तू शार्पन करून बघितलंस तेव्हा पापण्या तेवढ्या काट्यांसारख्या झाल्या आणि गाल तसाच राहिला. गालात शार्प करण्यासारखं काही उरलेलंच नाही. ती त्वचा दुसरीकडून आणायची, आणि आईची त्वचा आईच्याच दुसऱ्या फोटोतून आणायची. तुझ्या किंवा माझ्या गालाची मुळीच लावू नकोस. साठीच्या चेहऱ्यावर तिशीतली छिद्रं बसत नाहीत, बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी चुकलंय हे कळतं.

बाबांच्या जुन्या फोनमध्ये गच्चीवरचा एक फोटो आहे बघ, वाळवण घालताना काढलेला. त्या फोनला ब्यूटी मोडच नव्हता. तो मी निवडला, कारण त्यात चेहरा जवळून आहे, आणि दोन्ही फोटोंत उजेड आईच्या उजव्या बाजूने येतो. उजेडाची बाजू जुळणं फार महत्त्वाचं. प्रत्येक छिद्राला एका बाजूला इवलीशी सावली असते, ती उलटी पडली की त्वचा खड्ड्यांऐवजी पुरळ आल्यासारखी दिसते. फोटो आडवा उलटवून उजेड जुळवता येतो, पण मग हनुवटीवरचा तीळ दुसऱ्या बाजूला जातो, तो तेवढा वगळायचा. हललेला किंवा लांबून काढलेला फोटो मात्र घेऊच नकोस. लहान चेहरा ताणून मोठा केला की त्याचीही त्वचा मऊ पडते.

आता तुझ्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये फोटोपी उघड, ते फुकट आहे. गच्चीवरचा चेहरा कापून एकसष्टीच्या फोटोवर नवा लेयर म्हणून ठेव आणि त्याची ओपॅसिटी निम्मी कर, म्हणजे खालचं दिसेल. एकसष्टीच्या फोटोत चेहरा साधारण 900 पिक्सेल रुंद आहे, गच्चीवरचा 1400, म्हणजे तो जवळजवळ 64 टक्क्यांवर आणायचा. डोळ्यांचे कोपरे आणि ओठांची टोकं एकावर एक आली की थांब. गाल तंतोतंत जुळणार नाहीत, काळजी करू नकोस, आपल्याला तुकडेच लागणार आहेत.

मग ओपॅसिटी पुन्हा पूर्ण कर आणि लेयरचा रंग `Desaturate` करून काढून टाक. त्यानंतर `Filter > Other > High Pass`, त्रिज्या 3. आधी आकार जुळवायचा आणि मग हे, उलट केलंस तर छिद्रांचा आकार बिघडतो. सगळा लेयर राखाडी होईल आणि त्यावर फक्त बारीक पोत दिसेल. नाकाची, गालाची मोठी सावली दिसायला लागली तर त्रिज्या जास्त झाली समज. आता लेयरचा ब्लेंड मोड `Soft Light` कर. राखाडी नाहीसं होईल आणि पोत तेवढा आईच्या चेहऱ्यावर उतरेल.

खरं काम इथून पुढे. Alt दाबून मास्कच्या बटणावर क्लिक कर, काळा मास्क लागेल आणि सगळं पुन्हा लपेल. मग मऊ कडेचा पांढरा ब्रश घे, 25 टक्क्यांवर, आणि हवं तिथेच हात फिरव. नाकाच्या शेंड्यावर आणि नाकाशेजारच्या गालावर छिद्रं मोठी असतात, तिथे दोनतीन हात. कपाळावर आडव्या रेघांच्या बाजूने. डोळ्यांखाली एकच हलका हात, तिथली त्वचा पातळ असते. डोळे, दात आणि केसांना ब्रश लागू देऊ नकोस. हनुवटीवर पोहोचलीस की तो तीळ दिसेल. फोनने तो डाग समजून काढून टाकला होता. पोताच्या लेयरमधून त्याचा ठसा उमटेल, पण रंग येणार नाही, म्हणून तो गच्चीवरच्या रंगीत फोटोतून क्लोन करून जागेवर ठेव. मी काल रात्री घाईघाईत एवढंच करून बघितलं, आणि तीळ बसल्यावर चेहरा एकदम आपला झाला गं.

तरीही थोडं प्लास्टिक वाटेल, कारण फोनने उजेडसुद्धा सपाट केलाय आणि चेहरा गोरागुलाबी केलाय. `Curves` घेऊन चेहरा गळ्याच्या रंगाशी जुळेल इतका उतरव. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणारी आईची घडी सावलीने बनलेली आहे, नुसत्या पोताने ती येत नाही. ती बर्न टूलने, 5 टक्क्यांवर, गच्चीवरचा फोटो शेजारी ठेवून हळूहळू दे. हसल्यावर ती डावीकडे जास्त खोल पडते, तशीच ठेव.

आईचा दुसरा फोटोच नसता तर राखाडी लेयरवर 4 टक्के नॉइज टाकून, किंचित धूसर करून तो `Soft Light` मध्ये ठेवला असता. त्याने मेणचटपणा मोडतो, पण तो नुसता दाणा असतो. सगळीकडे सारखा पडतो, म्हणून जवळून वाळूसारखा दिसतो. ती आईची त्वचा नव्हे.

स्क्रीनवर खूप जवळ जाऊन बसलीस की हमखास जास्त होतं. मधूनमधून 100 टक्क्यांवर ये, पोताचा लेयर चालू-बंद करून बघ, आणि शेवटी त्याची ओपॅसिटी 60च्या आसपास आण. फ्रेम 12 बाय 18ची आहे, त्यात आईचा चेहरा सुमारे 4 इंच रुंद येईल. म्हणून आधी 4 बाय 6च्या कागदावर फक्त चेहऱ्याचा तुकडा त्याच आकारात छापून घे, मॅटवर. हातभर अंतरावरून बघ. आधी त्वचा दिसली तर जास्त झालंय, आधी आई दिसली तर मोठी प्रिंट टाक.

तू पाठवलास तो फोटो मात्र व्हॉट्सअॅपने आणखी दाबलेला आहे, त्यावर काम करू नकोस. ज्याच्या फोनवर काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव. आणि त्या दिवशी आणखी कोणी, अगदी शेजारच्या काकूंनी जरी, आईचा फोटो काढला असेल तर तोही मागून घे. आजच फोन कर, लोक गॅलरी रिकामी करतात गं.