गिळताना होणारी वेदना : अन्ननलिकेतील कँडिडा आणि फ्लुकोनॅझोलचा उपचार

कँडिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडातही असते. परंतु एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की ती अन्ननलिकेच्या अस्तरात शिरते. सीडी-४ पेशींची संख्या रक्ताच्या घनमिलिमीटरमागे २००च्या खाली, बहुधा १००च्याही खाली गेल्यावर हा विकार दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो एचआयव्हीच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत गंभीर टप्प्यात मोडतो.

निदानाची खूण म्हणजे घास गिळताना छातीच्या हाडामागे होणारी वेदना. घास नुसता अडकणे वेगळे आणि गिळताना दुखणे वेगळे, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. सोबत तोंडात पांढरे थर असतील तर संशय बळावतो. मात्र ते नसले म्हणून हा विकार नाही, असे ठरत नाही.

एन्डोस्कोपीने निदान पक्के होते, पण ही सोय सर्वत्र उपलब्ध नसते व ती खर्चिकही असते. म्हणून प्रथम औषध देऊन परिणाम पाहण्याची पद्धत रूढ आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, येथे उपचारच स्वस्त चाचणीचे काम करतो.

उदाहरणादाखल ५० किलो वजनाचा व सीडी-४ संख्या ६० असलेला रुग्ण घेऊ. फ्लुकोनॅझोलची मात्रा दररोज किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढांसाठी साधारणतः २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. या रुग्णाचा हिशेब १५० ते ३०० मिलिग्रॅम येतो; त्यामुळे २०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज पुरते. मुदत १४ ते २१ दिवस, म्हणजे एकूण १४ ते २१ गोळ्या. घास मुळीच उतरत नसेल तर हेच औषध शिरेतून देता येते.

बहुतेकांना आठवड्याच्या आत आराम पडतो. नेमकी येथेच चूक होते : चौथ्या-पाचव्या दिवशी जेवण जाऊ लागताच गोळ्या थांबवल्या जातात आणि विकार उलटतो. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी १५० मिलिग्रॅमची एकच गोळी घेणे हीदेखील अशीच फसवी बचत होय. ती मात्रा योनिमार्गातील बुरशीसाठी आहे. अन्ननलिकेला ती पुरत नाही.

सात दिवसांतही फरक पडला नाही, तर मात्र एन्डोस्कोपी टाळता येत नाही. अशा वेळी सायटोमेगॅलो किंवा हर्पिस विषाणूंमुळे झालेले व्रण, अथवा फ्लुकोनॅझोलला न जुमानणारी बुरशी असू शकते. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत या मात्रेने फ्लुकोनॅझोल टाळतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असल्यास रक्तातील फ्लुकोनॅझोलचे प्रमाण घटते, याचीही दखल घ्यावी लागते.

वेदना थांबली तरी सीडी-४ संख्या ६०च राहिली, तर विकार पुन्हा उद्भवणारच. प्रतिबंधासाठी फ्लुकोनॅझोल कायम चालू ठेवण्याची शिफारस सहसा केली जात नाही, कारण त्यातून औषधरोधी बुरशी वाढते. खरा प्रतिबंध एआरटीचा. भारतात शासकीय केंद्रांतून ती १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य दिली जाऊ लागली आणि २०१७ पासून सीडी-४ संख्या कितीही असली तरी प्रत्येक बाधिताला देण्याचे धोरण आहे. या विकारात ती सुरू करण्यासाठी फ्लुकोनॅझोलची मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही.