अपुऱ्या नोंदींचा हिशेब : अतिजीवन वक्र कसा वाचावा

औषधाचा गुण किती काळ टिकतो हे पाहावयाचे असल्यास रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागतो. परंतु अभ्यास संपण्याच्या दिवशी काही रुग्णांत रोग उलटलेला असतो, तर काहींत तो उलटलेला नसतो. अशा दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचा हिशेब कसा करावयाचा, हा येथील खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत तीव्र रक्तकर्काने आजारी असलेल्या मुलांवर झालेला व १९६३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. उपचाराने रोगाचा उपशम झालेल्या ४२ रुग्णांपैकी २१ जणांना ६-मरकॅप्टोप्युरिन हे औषध आणि २१ जणांना औषधी गुण नसलेली, दिसण्यात तशीच गोळी देण्यात आली. रोग पुन्हा उलटेपर्यंत किती आठवडे गेले, हे मोजावयाचे होते. साध्या गोळीच्या गटात सर्व २१ जणांचा रोग उलटला. औषधाच्या गटात मात्र केवळ ९ जणांचा उलटला. उरलेले १२ जण शेवटच्या नोंदीपर्यंत ठीक होते. या १२ नोंदींना ‘खंडित नोंदी’ म्हणावे.

या खंडित नोंदी वगळल्यास औषधाच्या गटातील ९ जणांची सरासरी सुमारे १२ आठवडे येते, तर दुसऱ्या गटाची पावणेनऊ आठवड्यांच्या आसपास येते. म्हणजे ज्यांना औषधाचा सर्वाधिक लाभ झाला तेच हिशेबातून बाद होतात आणि औषध सामान्य ठरते.

कॅप्लान व मायर यांनी १९५८ साली मांडलेली गुणाकार-मर्यादा पद्धत ही चूक टाळते. प्रत्येक रुग्ण जितका काळ दृष्टीसमोर होता, तितक्याच काळापुरता तो हिशेबात धरावयाचा, हे तिचे सूत्र होय. औषधाच्या गटात सहाव्या आठवड्यापर्यंत २१ जण होते. त्या आठवड्यात तिघांचा रोग उलटला. म्हणून टिकून राहिलेल्यांचे प्रमाण २१ पैकी १८, म्हणजे ०.८५७. त्याच आठवड्यात एकाची नोंद खंडित झाली, म्हणून सातव्या आठवड्यात १७ जण उरले. त्यांपैकी एकाचा रोग उलटला. आता ०.८५७ ला १७ पैकी १६ या प्रमाणाने गुणावे; उत्तर ०.८०७ येते. नोंद खंडित झाल्याने वक्र खाली उतरत नाही. केवळ पुढील भागाकारातील छेद लहान होतो. असे करीत गेल्यास २३ व्या आठवड्यात प्रमाण ०.४४८ वर येते. वक्र येथे प्रथमच निम्म्याखाली जातो, म्हणून औषधाच्या गटाचा मध्यक २३ आठवडे. दुसऱ्या गटाचा मध्यक ८ आठवडे असून २३ व्या आठवड्यात त्याचा वक्र शून्यावर येतो.

हा फरक योगायोगाने पडला काय, हे लॉग-रँक कसोटी सांगते. दोन्ही गटांत काहीच भेद नाही असे क्षणभर मानावे. सहाव्या आठवड्यात औषधाच्या गटात २१ व दुसऱ्या गटात १२, असे ३३ जण उरले होते. तिघांचा रोग उलटला, तेव्हा औषधाच्या गटाचा अपेक्षित वाटा ३ गुणिले २१ भागिले ३३, म्हणजे १.९१ होतो. रोग उलटल्याच्या प्रत्येक आठवड्याचा असा वाटा काढून बेरीज केली असता औषधाच्या गटात १९.२५ व दुसऱ्या गटात १०.७५ घटना अपेक्षित ठरतात. प्रत्यक्षात त्या ९ व २१ घडल्या. या तफावतीवरून काढलेली काय-वर्ग संख्या १६.७९ येते. ती ३.८४ हून अधिक असली तर नुसत्या योगायोगाने इतका फरक पडण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी मानतात; येथे ती हजारात एकाहूनही कमी आहे.

वक्र वाचताना मात्र तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, हा वक्र उपशमाच्या काळाचा आहे, आयुष्याचा नव्हे. दुसरी, वक्राचे शेपूट दुबळे असते : २३ व्या आठवड्यातील उतार केवळ सहा रुग्णांवर आधारलेला आहे. म्हणून वक्राखाली त्या त्या वेळी उरलेल्यांची संख्या दिली आहे काय, हे पाहावे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, नोंद खंडित होण्याचे कारण रोगाशी निगडित नसावे. अभ्यास संपला म्हणून नोंद थांबली असेल तर हिशेब बिघडत नाही. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे रुग्ण येईनासा झाला आणि त्याला ‘शेवटी ठीक होता’ असे धरले, तर वक्र खोटा उंच राहतो. कोणतीही कसोटी हा दोष दुरुस्त करू शकत नाही. याकरिता पाठपुराव्याच्या नोंदवहीत रुग्ण शेवटचा पाहिल्याची तारीख आणि तो न येण्याचे कारण, या दोन्ही गोष्टी लिहिणे अगत्याचे आहे.