माजी विद्यार्थी संघाच्या सभेचे इतिवृत्त

सभेच्या लेखी नोंदीला उर्दूत ‘रूदाद’ म्हणतात. मराठीत तिला ‘इतिवृत्त’ म्हणतात. सभेला कोण हजर होते, काय ठरले, कोणते काम कोणी आणि कधीपर्यंत करायचे, एवढे त्यात लिहितात. दोन तासांच्या सभेत पुष्कळ बोलणे होते. कोणी आठवणी सांगतो, कोणी वाद घालतो. इतिवृत्तात मात्र दोनच पाने उरतात. त्या दोन पानांत काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे सचिवाला कळावे लागते.

खाली एक नमुना दिला आहे. नाशिकमधील एका उर्दू शाळेचे माजी विद्यार्थी स्नेहसंमेलन भरवणार आहेत, अशी कल्पना करून तो तयार केला आहे. व्यक्तींच्या जागी फक्त पदे लिहिली आहेत. खऱ्या इतिवृत्तात पूर्ण नावे लिहावी लागतात.

इतिवृत्त

माजी विद्यार्थी संघाच्या कार्यकारी समितीची सभा रविवार, दि. २ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजता शाळेच्या ग्रंथालयात झाली. अध्यक्षस्थानी संघाचे अध्यक्ष होते. समितीच्या ११ सभासदांपैकी ८ सभासद हजर होते. संघाच्या नियमाप्रमाणे सभेला निदान ६ सभासद लागतात. त्यामुळे गणसंख्या पूर्ण झाली व कामकाज सुरू करण्यात आले.

विषय १. मागील सभेचे इतिवृत्त. दि. ५ ऑक्टोबरच्या सभेचे इतिवृत्त सचिवांनी वाचून दाखविले. ते सर्वानुमते कायम करण्यात आले.

विषय २. दिवस व वेळ. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा व रमजान एकत्र येतात. म्हणून संमेलन रविवार, दि. २८ डिसेंबर २०२५ रोजी शाळेच्या आवारात घ्यावे, असे ठरले. डिसेंबरात नाशिकला संध्याकाळी थंडी वाढते व निवृत्त शिक्षक वयस्कर आहेत. यास्तव कार्यक्रमाची वेळ सकाळी १० ते दुपारी ४ ठेवण्यात आली.

विषय ३. अंदाजपत्रक. खजिनदारांनी २०० जण येतील असे धरून खर्च मांडला. जेवण दरमाणशी २२० रुपयांप्रमाणे ४४,००० रुपये. मंडप व ध्वनिक्षेपक १४,००० रुपये. निवृत्त शिक्षकांचा सत्कार ६,००० रुपये. किरकोळ ३,००० रुपये. एकूण ६७,००० रुपये. निमंत्रणपत्रिकांच्या छपाईचा खर्च विषय ४ मधील नोंदीप्रमाणे संघाला येणार नाही.

जमेच्या बाजूस मागील शिल्लक ८,५०० रुपये, एका प्रायोजकाचा वटलेला धनादेश १०,००० रुपये व दरमाणशी २५० रुपयांप्रमाणे २०० जणांची वर्गणी ५०,००० रुपये धरण्यात आली. एकूण ६८,५०० रुपये. आजपर्यंत ७० जणांची १७,५०० रुपये वर्गणी पावती देऊन जमा झाली आहे.

विषय ४. प्रायोजक. (अ) एका बेकरीमालकांनी दिलेला १०,००० रुपयांचा धनादेश वटला आहे. (आ) एका छापखान्याच्या मालकांनी निमंत्रणपत्रिका स्वखर्चाने छापून देण्याचे लेखी पत्र दिले आहे. (इ) एका बांधकाम व्यावसायिकांनी २५,००० रुपये देण्याचे दूरध्वनीवरून सांगितले आहे, असे एका सभासदांनी कळविले. लेखी पत्र आलेले नाही.

या २५,००० रुपयांतून गरजू विद्यार्थ्यांना मदत द्यावी व तशी घोषणा संमेलनात करावी, अशी सूचना एका सभासदांनी मांडली. खजिनदारांनी रक्कम हाती नसल्याचे निदर्शनास आणून दिले. चर्चेनंतर ठराव झाला की, सदर रक्कम अंदाजपत्रकात धरू नये; दि. २० नोव्हेंबरपर्यंत लेखी पत्र न आल्यास प्रायोजकाचे नाव फलकावर छापू नये. मदतीची घोषणा रक्कम जमा झाल्यावरच करावी. सूचक : खजिनदार. अनुमोदक : सन १९९८ च्या तुकडीचे प्रतिनिधी. ठराव सर्वानुमते मंजूर.

विषय ५. जबाबदाऱ्या. वर्गणी व पावत्या : खजिनदार, दि. १५ डिसेंबरपर्यंत. निवृत्त शिक्षकांना घरी जाऊन निमंत्रण देणे व त्या दिवशी वाहनाने आणणे : सन १९९८ च्या तुकडीचे प्रतिनिधी. नावनोंदणी व जेवणाची कुपने : सन २००४ च्या तुकडीच्या प्रतिनिधी. बावर्चीस जेवणाऱ्यांची अंतिम संख्या कळविणे : सचिव, दि. २१ डिसेंबर. वर्गणीदार १५० पेक्षा कमी राहिल्यास मंडप रद्द करून कार्यक्रम शाळेच्या सभागृहात घेण्याचा अधिकार अध्यक्षांस देण्यात आला.

पुढील सभा रविवार, दि. २३ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजता घेण्याचे ठरले. अध्यक्षांचे आभार मानून दुपारी पाऊण वाजता सभा संपली.

सचिव (सही)                अध्यक्ष (सही)

आता हे इतिवृत्त पुन्हा वाचू या

विषय ४ नीट पाहा. तीन प्रायोजक आहेत, पण तिघांची नोंद तीन वेगळ्या शब्दांत केली आहे. पहिल्याचा धनादेश ‘वटला’ आहे, म्हणजे बँकेत पैसे जमा झाले आहेत. धनादेश हाती येणे आणि वटणे यांत फरक आहे. देणाऱ्याच्या खात्यात पैसे नसतील, तर धनादेश परत येतो. दुसऱ्याने ‘लेखी पत्र’ दिले आहे. तिसऱ्याने ‘सांगितले आहे’ आणि तेही दुसऱ्याच माणसाने कळविले आहे. सचिवाने जर या तिघांना मिळून ‘तीन प्रायोजक मिळाले’ असे एकच वाक्य लिहिले असते, तर पुढच्या महिन्यात वाचणाऱ्याला तिन्ही रकमा सारख्याच वाटल्या असत्या.

त्याचा परिणाम काय झाला असता, ते पाहू. जमेचे ६८,५०० आणि तोंडी कबूल केलेले २५,००० मिळून ९३,५०० रुपये होतात. खर्च ६७,००० रुपये. म्हणजे कागदावर २६,५०० रुपये शिल्लक दिसले असते. त्या भरवशावर मदतीची घोषणा व्यासपीठावरून झाली असती आणि गरजू मुलांच्या आईवडिलांनी ती ऐकली असती. नंतर ती रक्कम आलीच नसती, तर त्यांना उत्तर देण्याची वेळ संघावर आली असती. प्रायोजक खोटे बोलतो, असा याचा अर्थ नाही. त्याच्या धंद्यात मंदी येते किंवा घरात आजारपण येते. म्हणून समितीने त्याच्यावर अविश्वास दाखविला नाही, फक्त त्याच्या शब्दाला रक्कम मानले नाही.

छापखान्याच्या मदतीची नोंदही लक्षात घ्या. छपाईचे बिल समजा ५,००० रुपये झाले असते. ते बिल संघाला येणारच नाही, म्हणून ते खर्चातून काढले आहे. एखादा नवखा सचिव ५,००० रुपये जमेच्या बाजूस लिहितो आणि खर्चात छपाई लिहायला विसरतो. मग न आलेले पाच हजार आल्यासारखे दिसतात. वस्तू किंवा काम देणगी म्हणून मिळाले, तर ते दोन्ही बाजूंना लिहावे, किंवा दोन्ही बाजूंना लिहू नये.

आता विषय ५ मधील १५० ही संख्या कोठून आली? प्रत्येक जण २५० रुपये देतो आणि त्याच्या जेवणाला २२० रुपये लागतात. म्हणजे दरमाणशी ३० रुपये उरतात. मंडप, सत्कार व किरकोळ मिळून २३,००० रुपये माणसे कितीही आली तरी लागणारच. त्यांतले १८,५०० रुपये शिल्लक आणि धनादेश यांतून निघतात. राहिले ४,५००. ते ३० रुपयांच्या उरलेल्या पैशांतून भरायचे, तर १५० माणसे हवीत. त्याहून कमी आली, तर संघाला तोटा होईल. सभेच्या दिवशी ७० जणांची वर्गणी आली होती. म्हणून मंडप रद्द करण्याचा निर्णय अगोदरच लिहून ठेवला आहे. तोंडी २५,००० रुपये हिशोबात धरले असते, तर हा धोका कोणालाच दिसला नसता.

शेवटी जबाबदाऱ्या पाहा. ‘सर्वांनी मिळून शिक्षकांना आणावे’ असे लिहिलेले नाही. असे लिहिले, की प्रत्येकाला वाटते दुसरा आणील, आणि म्हातारे गुरुजी दारात वाट पाहत बसतात. प्रत्येक कामापुढे एकच पद आहे आणि मुदतीच्या कामांपुढे तारीखही आहे. पुढील सभेत अध्यक्ष हीच यादी हाती घेऊन एकेकाला विचारतील.

भाषेकडे लक्ष द्या

इतिवृत्तात ‘आम्ही ठरवले’ असे लिहीत नाहीत. ‘असे ठरले’, ‘अधिकार देण्यात आला’, ‘ठराव मंजूर’ असे लिहितात. उर्दू रूदादीत ‘तय पाया’ लिहितात, तसेच हे आहे. निर्णय एका माणसाचा नसून सभेचा आहे, हे त्यातून कळते. कोण रागावले, कोण हसले, हे लिहीत नाहीत. हजर, तारीख, रक्कम, जमा, खर्च, खजिनदार हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत.

शब्दार्थ

गणसंख्या – सभा चालवण्यासाठी लागणारी कमीत कमी हजेरी
अंदाजपत्रक – होणाऱ्या जमाखर्चाचा आधी मांडलेला हिशोब
प्रायोजक – कार्यक्रमाच्या खर्चाचा भार उचलणारा
धनादेश – चेक
सूचक – ठराव मांडणारा
अनुमोदक – ठरावाला दुजोरा देणारा
तुकडी – एकाच वर्षी शाळा सोडलेले विद्यार्थी
सदर – वर सांगितलेला

स्वाध्याय

१. तिसऱ्या प्रायोजकाची रक्कम अंदाजपत्रकात का धरली नाही? तीन-चार वाक्यांत लिहा.

२. बावर्चीने जेवणाचा दर २२० ऐवजी २२५ रुपये सांगितला, तर तोटा टाळण्यासाठी निदान किती वर्गणीदार लागतील? हिशोब करून दाखवा.

३. पुढील वाक्ये इतिवृत्ताच्या भाषेत लिहा : (अ) आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले की फलक दोनच लावू. (आ) खजिनदार म्हणाले की पावतीशिवाय पैसे घेऊ नका, आणि सगळे हो म्हणाले.

४. दि. २३ नोव्हेंबरच्या सभेपर्यंत बांधकाम व्यावसायिकांचे पत्र आले नाही, असे समजा. त्या सभेच्या इतिवृत्तातील ‘प्रायोजक’ हा विषय तुमच्या शब्दांत लिहा.