परतावा पाठवला, पण पोहोचला कुठे?

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचे पैसे मोबाइलवरून आधीच भरले असतील, तर वस्तू परत केल्यावर ते पैसे आल्या वाटेने परत जातात. दुकानाच्या नोंदीत कोणत्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे आले ते लिहिलेले असते, त्यामुळे ग्राहकाला काही विचारावे लागत नाही. दारात रोख दिलेल्या पैशांना अशी परतीची वाट नसते. कुरिअरच्या पोराच्या हातात तुम्ही पाचशेच्या नोटा ठेवता, त्या संध्याकाळी त्याच्या गोदामात जमा होतात, तिथून कुरिअर कंपनीच्या बँकेत जातात आणि मग ठरलेल्या हप्त्याने सगळ्या पार्सलांची मिळून एक रक्कम दुकानदाराच्या खात्यात पडते. या सगळ्या प्रवासात तुमच्या खात्याचा कुठेच संबंध येत नाही. म्हणून परताव्याची वेळ आली की खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि खातेदाराचे नाव मागितले जाते. काही दुकाने त्याऐवजी यूपीआय आयडी घेतात.

मी नेवाशाचा. शेतीसाठी पाठीवरचा, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप मागवला होता, किंमत २,९५०. आमच्याकडे अजूनही बहुतेकांचा कल रोखीकडे असतो, कारण वस्तू हातात पडेपर्यंत पैसे खिशात राहतात. पंप आला, पण बॅटरी चार्जच धरेना. परत करण्याची विनंती केली, ती मान्य झाली आणि काही दिवसांनी पंप उचलून नेला. न्यायला आलेल्या मुलाला अप्पांनी, माझ्या वडिलांनी, पैसे मागितले. तो म्हणाला, “आजोबा, मी फक्त पार्सल नेतो. पैशाचं कंपनी बघते.” त्याचे खरेच होते. आणायला आलेला आणि न्यायला आलेला, दोघेही कुरिअरचे. दुकानाचा परतावा देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो आणि आधी घेतलेली रोकडही एव्हाना त्यांच्याकडे उरलेली नसते.

मग दुकानाच्या अ‍ॅपमध्ये, त्याच ऑर्डरच्या पानावर, बँकेचा तपशील भरायला सांगितले. अप्पांचा याला ठाम विरोध होता. खात्याचा नंबर परक्याला द्यायचा नाही, असे त्यांनी आयुष्यभर पाळले आहे. त्यांची भीती मला रास्त वाटते, फक्त ती योग्य ठिकाणी लावायला हवी. खाते क्रमांक आणि आयएफएससी तर आपण दिलेल्या प्रत्येक धनादेशावर छापलेले असतात. एवढ्या तपशिलावर कोणी खात्यात पैसे भरू शकतो, काढू शकत नाही. पैसे काढायला लागतो तो ओटीपी, यूपीआय पिन किंवा कार्डामागचा तीन आकडी क्रमांक, आणि परताव्यासाठी यातले काहीही लागत नाही. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे तर घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. ‘कस्टमर केअर’ म्हणून इंटरनेटवर शोधलेल्या नंबरावर फोन करू नका. परतावा अडकलेल्या माणसाची घाई ओळखूनच तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. तपशील ऑर्डरच्या पानावरच भरायचा, फोनवर बोलून सांगायचा नाही. कोणी स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप उतरवायला लावले तर तिथेच फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० वर कळवायचे किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. पहिल्या काही तासांत कळवले तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

मी तपशील भरला. पासबुक समोर ठेवून भरला, कारण आमच्या सहकारी बँकेचा खाते क्रमांक लांबलचक आहे आणि दोन शून्यांनी सुरू होतो. पुढे पंप गोदामात पोहोचल्याचा, मग तपासणी झाल्याचा आणि शेवटी ‘रिफंड कम्प्लीटेड’ असा संदेश आला. खात्यात मात्र काही नव्हते. विचारले की एकच उत्तर यायचे, पैसे पाठवले आहेत, तुमच्या बँकेत चौकशी करा. बँकेत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, “सर, तुमच्या खात्यात आलेच नाहीत. आम्ही काय शोधणार?”

दोघेही खरे बोलत होते, हे मला नंतर कळले, आणि परताव्यातला सगळ्यात मोठा उशीर नेमका या दोन खऱ्या उत्तरांच्या मधे होतो. दुकानाच्या पडद्यावर ‘कम्प्लीटेड’ उमटते ते त्यांनी बँकेला पैसे पाठवण्याची सूचना दिली म्हणून. पलीकडच्या खात्यात रक्कम जमा झाली की नाही, याची ती पावती नव्हे. ही गाठ सोडवायला एकच गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे यूटीआर क्रमांक. बँकेतून बँकेत जाणाऱ्या प्रत्येक रकमेला असा वेगळा क्रमांक असतो. नेफ्टचा सोळा अक्षरी-अंकी असतो, आयएमपीएस आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो. मी लेखी मागणी केली: यूटीआर, पाठवल्याची तारीख, रक्कम आणि कोणत्या खाते क्रमांकावर पाठवले त्याचे शेवटचे चार आकडे. यूटीआर देता येत नाही, असे दुकानाने म्हटले, तर पैसे बहुधा अजून निघालेलेच नाहीत असे समजावे.

यूटीआर घेऊन पुन्हा बँकेत गेलो. साहेबांनी तो संगणकात टाकला आणि कोडे सुटले. रक्कम आली होती आणि त्याच दिवशी परतही गेली होती. कारण ‘असे खाते नाही’. पाठवलेल्या क्रमांकात सुरुवातीची दोन शून्ये नव्हती.

ती शून्ये गेली कुठे? दुकानाने माझा तपशील अ‍ॅपमधून बाहेर काढून एक्सेलसारख्या तक्त्यात घेतला होता. असा तक्ता आकड्यांच्या सुरुवातीची शून्ये निरर्थक समजून उडवतो. आकडा पंधरापेक्षा लांब असेल तर सोळाव्या स्थानापासून पुढे तो सरळ शून्य भरतो. रकान्याला आधी ‘टेक्स्ट’ असे सांगितले तर हे टळते, पण रोज शेकडो परतावे करणाऱ्या टेबलावर ते राहून जाते. शून्याने सुरू न होणाऱ्या आटोपशीर क्रमांकाला याची झळ बसत नाही. आपल्याकडच्या सहकारी बँकांचे लांब, शून्याने सुरू होणारे क्रमांक यात सापडतात. नेफ्टमध्ये रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकावर, नाव जुळते का हे पाहिले जात नाही. त्यामुळे चुकलेला क्रमांक दुसऱ्या कोणाचा असेल तर पैसे त्याच्याकडे जाऊ शकतात. माझ्या बाबतीत तो कोणाचाच नव्हता, म्हणून रक्कम माघारी तरी गेली.

नेफ्ट १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि दर अर्ध्या तासाने पैसे पुढे सरकतात. जमा करता न आलेली रक्कम बँकेने दोन तासांत परत पाठवायची असते. म्हणजे माझे पैसे आमच्या बँकेतून निघून त्याच दिवशी दुकानाच्या खात्यात पोहोचले होते. पुढे काही आठवडे ते तिथेच पडून राहिले, कारण परत आलेल्या रकमा कोणाच्या हे जुळवायचे काम तिथला हिशेबनीस सवडीने करतो. वेळ बँकेने खाल्ला नव्हता. बँकेने नकाराचे कारण दिलेल्या पानाचा फोटो, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो आणि ‘क्रमांक शून्यांसकट लिहा’ ही ओळ पाठवल्यावर पैसे लगेच आले.

त्यानंतर शेजारपाजारचे अडकलेले परतावे पाहताना आणखी दोन अडचणी वारंवार दिसल्या. एक आमच्या भागात फार आहे. पतसंस्थेचे पासबुक हुबेहूब बँकेसारखे दिसते आणि लोक तोच क्रमांक भरतात. पतसंस्था ही बँक नाही, तिचा स्वतःचा आयएफएससी नसतो. एखाद्या बँकेशी जोडून तिने सोय केली असेल तरच बाहेरचे पैसे येतात, म्हणून परताव्यासाठी बँकेचे खाते द्यावे हेच बरे. दुसरी अडचण जुन्या पासबुकांची. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली आणि त्यांचे आयएफएससी पुढे बदलले. देना आणि विजया त्याच्या वर्षभर आधीच बँक ऑफ बडोदात गेल्या होत्या. कपाटातल्या पासबुकावर मात्र जुनाच कोड असतो. हा कोड अकरा अक्षरांचा आणि त्यातले पाचवे नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी ओ लिहिला की फॉर्म अडतो.

दारात क्यूआर कोडवर पैसे दिले तर परतावा आपोआप खात्यात येईल, असे गृहीत धरू नका. तो कोड बहुतेकदा कुरिअर कंपनीचा असतो, म्हणून दुकान त्यालाही रोखीसारखेच धरू शकते. त्या व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जपून ठेवा.

काही दुकाने रोखीच्या ऑर्डरीला बँकेऐवजी कूपन किंवा अ‍ॅपमधले ‘क्रेडिट’ देऊ करतात. सदोष वस्तूसाठी ते नाकारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला या टॅक्सी कंपनीला परतावा बँक खात्यात की कूपनात, हे निवडण्याची मुभा प्रवाशांना द्यायला सांगितले होते. तो आदेश ओलापुरता असला तरी दुकानाशी बोलताना त्याचा दाखला देता येतो.

यूटीआर मागूनही दाद मिळाली नाही तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियम हाताशी आहेत. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. परताव्यासाठी मात्र नियम ‘वाजवी मुदत’ एवढेच म्हणतो, दिवस सांगत नाही. म्हणून त्या अधिकाऱ्याला तारखेसह लिहावे, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा consumerhelpline.gov.in वर नोंदवावे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुकान दिल्लीचे असो की बंगळूरचे, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे नेवाशाच्या माणसाला अहिल्यानगरच्या पुढे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जोडायची कागदपत्रेही थोडीच: ऑर्डरचे पान, माल उचलल्याची पावती, ‘कम्प्लीटेड’चा संदेश, यूटीआरचा पत्रव्यवहार, आणि त्या तारखांचा बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा, ज्यात रक्कम जमा झालेली दिसत नाही.