दहा वर्षांवरचा तारा

प्रश्न : ऑक्टोबर २०२१ मध्ये दसऱ्याला २९,५०० रुपयांना फ्रिज घेतला. दारावर ‘कॉम्प्रेसर : १० वर्षे वॉरंटी’ असा मोठा स्टिकर आहे. मे २०२५ मध्ये फ्रिज थंड होईनासा झाला. कंपनीचा माणूस म्हणाला, ‘कॉम्प्रेसर गेलाय, वॉरंटीत मिळेल,’ आणि ५,४८७ रुपयांचं एस्टिमेट हातात देऊन गेला. मग वॉरंटी कसली? कार्डावरची अक्षरं मुंगीएवढी आहेत, म्हणून फोटो पाठवत आहे. माझ्या जाऊबाई घरून चार-पाच जेवणाचे डबे देतात, ते त्या माणसाला सांगावं की नाही? फ्रिजमधलं दीड-दोन हजारांचं सामान खराब झालं, ते मागता येईल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या पहिल्या फोटोत कार्डाची खालची बोटभर पट्टी कापली गेली होती. मी दुसरा फोटो मागवला तो त्या पट्टीसाठीच. ‘१० वर्षे’ या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक तारा आहे आणि त्या ताऱ्याचा अर्थ त्या पट्टीत दिलेला आहे. तिथे लिहिलंय की पहिलं एक वर्ष पूर्ण फ्रिजची वॉरंटी, त्यानंतरची नऊ वर्षं फक्त कॉम्प्रेसर या सुट्या भागाची. गॅस, फिल्टर ड्रायर, पीसीबी, दाराचं रबर, प्लॅस्टिकचे ट्रे, दिवा हे सगळं एका वर्षानंतर तुमच्या खर्चात.

कॉम्प्रेसर फुकट मिळूनही बिल का येतं, हे समजायला फ्रिजची रचना थोडी डोळ्यांसमोर आणावी लागते. कॉम्प्रेसर तांब्याच्या नळ्यांना जोडलेला असतो आणि आत गॅस बंदिस्त असतो. तो बदलायचा तर नळी कापावी लागते, गॅस जातो आणि जोड परत झाळावा लागतो. एकदा नळी उघडली की आतली ओल शोषणारा फिल्टर ड्रायरही नवाच घालावा लागतो. जुना ठेवला तर नवा कॉम्प्रेसर लवकर बिघडण्याची भीती असते. म्हणजे एस्टिमेटमधला ‘गॅस व ड्रायर २,६०० रुपये’ हा आकडा हवेतून आलेला नाही. रक्कम जास्त वाटली तर कंपनीचं छापील दरपत्रक दाखवायला सांगा. भेट शुल्क ४५० रुपये कार्डात आहे. सर्व्हिस सेंटरपासून २५ किलोमीटरपलीकडच्या ग्राहकाने वाहतूक द्यायची असंही आहे, आणि तुमचं गाव त्यापलीकडे आहे, म्हणून ७०० रुपये लागले.

पण ‘मजुरी ९०० रुपये’ इथे मी थांबलो. मागच्या बाजूच्या सातव्या कलमात म्हटलंय की खरेदीपासून पाच वर्षांपर्यंत कॉम्प्रेसर बदलण्याची मजुरी कंपनी घेणार नाही. तुमच्या फ्रिजला झाली आहेत तीन वर्षं आणि सात महिने. मजुरी वगळली की ३,७५० रुपये उरतात, त्यावर १८ टक्के जीएसटी ६७५, एकूण ४,४२५. म्हणजे १,०६२ रुपये तुमच्याकडे चुकून मागितले गेले आहेत. बारीक अक्षरं सगळी ग्राहकाच्या विरोधातच असतात असं समजून लोक ती वाचतच नाहीत, आणि मग असं होतं.

पैसे भरण्याआधी एक खात्री करून घ्या. खरंच कॉम्प्रेसरच गेलाय का? तुमचा फ्रिज इन्व्हर्टर प्रकारचा आहे. त्यात कॉम्प्रेसरला वीज पीसीबीमार्फत मिळते. पीसीबी जळला तरी कॉम्प्रेसर गप्प होतो, आणि बोलताना कुणीही ‘कॉम्प्रेसर बंद पडला’ असंच म्हणतो. उलट कॉम्प्रेसर घरघरतोय, अंगाला गरम लागतोय, पण आत गारवा नाही, तर संशय गॅस गळतीवर. या दोन्ही दोषांत तुमची दहा वर्षं कामाला येत नाहीत. म्हणून जॉबशीटवर नेमका कोणता भाग निकामी झाला आणि काय तपासून तसं ठरवलं, हे लिहून घ्या. तोंडी ‘मिळेल’ म्हटलेलं पुढच्या भेटीत ‘पीसीबी निघाला’ होतं, असे प्रसंग या सदराकडे बरेच येतात.

आता वगळलेल्या गोष्टी. गल्लीतल्या मेकॅनिकने फ्रिज ‘फक्त पाहिला’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. नळी कापली किंवा गॅस भरला असता तर कार्डाप्रमाणे वॉरंटी संपली असती. मागचा जोड पाहूनच कंपनीच्या माणसाला ते कळतं. अनुक्रमांकाचं लेबल फाटलेलं असलं तरी नकार मिळतो, तेव्हा ते पुसताना जपा.

जाऊबाईंच्या डब्यांचं उत्तर जरा नाजूक आहे. कार्डात ‘फक्त घरगुती वापर’ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यावसायिक वापरासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी ती वापरणाऱ्याला मानतो. तेव्हा ग्राहक आयोगाचं दार तुम्हाला बंद नाही. मात्र कार्डाची अट आणि कायद्यातली व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कंपनी अटीवर बोट ठेवू शकते. घरच्याच फ्रिजमध्ये घरच्या स्वयंपाकासोबत चार डब्यांची भाजी ठेवली जाते, ही वस्तुस्थिती आहे. विचारलं तर तेवढंच सांगा. खोटं बोलू नका, पण विचारल्याशिवाय ‘आमचा डब्यांचा व्यवसाय आहे’ अशी सुरुवातही करू नका.

दाव्याची मर्यादा नवव्या कलमात आहे. कॉम्प्रेसर उपलब्धच नसेल तर कंपनी पैसे परत करेल, पण जीएसटी वगळून आणि ‘वर्ष किंवा वर्षाच्या भागाला’ १५ टक्के घसारा कापून. तुमच्या २९,५०० रुपयांत जीएसटी वगळता किंमत २५,००० होते. चौथं वर्ष अर्धंच सरलंय, पण ‘वर्षाचा भाग’ या दोन शब्दांमुळे ते पूर्ण धरलं जाईल; ६० टक्के कापून हाती १०,००० पडतील. शिवाय दुरुस्तीनंतर नवी दहा वर्षं सुरू होत नाहीत, ऑक्टोबर २०३१ हीच शेवटची तारीख राहते. सामानाच्या नुकसानीला कार्ड साफ नाही म्हणतं. फ्रिज बिघडला एवढ्यावर ते पैसे मागणं कठीण आहे. तक्रार नोंदवूनही कंपनीने आठवडेच्या आठवडे माणूस पाठवला नाही, तर सेवेतल्या त्रुटीची भरपाई आयोगाकडे मागता येते.

कार्डाच्या तळाशी ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असंही छापलंय. त्याने घाबरू नका. २०१९च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

पण त्याआधी सोपी पायरी आहे. टोल फ्रीवर मिळालेला तक्रार क्रमांक घालून कंपनीला ईमेल करा : ‘कलम ७ प्रमाणे मजुरी लागू नाही, सुधारित एस्टिमेट पाठवावे.’ सोबत बिल आणि कार्डाच्या दोन्ही बाजू जोडा. फोटो उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. कार्डाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स काढा, त्यावरची अक्षरं उडतात. आठवड्यात उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि काम झाल्यावर तक्रार बंद करायला जो ओटीपी मागतात, तो फ्रिज रात्रभर चालून बर्फ धरल्याशिवाय देऊ नका.